स्टॅटिन सुरू असताना मांड्या-पोटऱ्या दुखणे: को-क्यू-टेन, अर्धी गोळी की दिवसाआड गोळी?

प्रश्न: माझे वडील 61 वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मागच्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ॲटॉर्व्हास्टॅटिन 40 सुरू आहे. दोन-तीन महिन्यांपासून दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. मेडिकलवाल्यांनी को-क्यू-टेनच्या कॅप्सूल घ्या म्हणून सांगितले, शेजारचे म्हणतात गोळी अर्धी करा, आणि एका नातेवाइकांना त्यांच्या डॉक्टरांनी हीच गोळी दिवसाआड दिली आहे. यातले काय करावे?

उत्तर: या तीन सल्ल्यांकडे वळण्यापूर्वी वडिलांच्या गोळ्यांची स्ट्रिप हातात घ्या आणि तिच्या मागे छापलेले घटक वाचा. अँजिओप्लास्टीनंतर आपल्याकडे पुष्कळ रुग्णांना स्टॅटिन, म्हणजे ॲटॉर्व्हास्टॅटिनसारखे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, एकटे दिलेले नसते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटॉर्व्हास्टॅटिन ही तिन्ही औषधे एकाच कॅप्सूलमध्ये असतात, आणि घरात मात्र ती नुसती ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणून ओळखली जाते. अशी कॅप्सूल दिवसाआड घेतली, तर कोलेस्टेरॉलच्या औषधाबरोबर स्टेंटमध्ये गुठळी होऊ न देणारी औषधेही दिवसाआड होतात, आणि स्टेंट बसवून फार काळ झालेला नसताना हे जिवावर बेतू शकते. कॅप्सूल अर्धी करता येत नाही, हा भाग वेगळाच. म्हणून वडिलांची कॅप्सूल अशी एकत्रित असेल, तर डॉक्टरांकडून ही औषधे आधी सुटी लिहून घ्यावीत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (किंवा त्याऐवजी जे दिले असेल ते) रोज ठरल्याप्रमाणे चालू राहील, आणि पुढे जो काही बदल करायचा तो एकट्या स्टॅटिनमध्येच होईल. सांगली-मिरजेत रुग्ण पाहताना दिवसाआड गोळीचा हा धोका मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो, कारण तो दुखण्याच्या नादात कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता दुखण्याकडे पाहू. तुम्ही लिहिले आहे की गोळी वर्षभरापासून चालू आहे आणि दुखणे दोन-तीन महिन्यांचे आहे. स्टॅटिनमुळे होणारे स्नायूंचे दुखणे बहुधा गोळी सुरू केल्यापासून किंवा तिची मात्रा वाढवल्यापासून पहिल्या चार ते बारा आठवड्यांत उमटते. ते दोन्ही बाजूंना सारखे असते, आणि मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत असते. वडिलांचे दुखणे दोन्हीकडे आहे, मोठ्या स्नायूंत आहे, पण वेळ जुळत नाही. इतक्या उशिरा सुरू झालेल्या दुखण्याचा दोष गोळीवर टाकण्यापूर्वी मी विचारेन की त्या सुमारास नवे काय घडले.

नवे औषध सुरू झाले का, हा त्यातला पहिला प्रश्न. आपल्याकडे नायटा-गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे घेतल्या जातात आणि खोकल्या-कफासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सर्रास दिले जाते. ही दोन्ही औषधे यकृतात ॲटॉर्व्हास्टॅटिनचा निचरा करणाऱ्या यंत्रणेला अडवतात, त्यामुळे गोळी 40 चीच राहते, पण रक्तातील तिचे प्रमाण कितीतरी वाढते. छातीतील दुखण्यासाठी किंवा रक्तदाबासाठी दिलेले डिल्टियाझेमही हेच काम सौम्यपणे करते. असे औषध सापडले, तर ते बंद करणे किंवा बदलणे हाच उपाय असतो, आणि मग को-क्यू-टेनचा किंवा अर्ध्या गोळीचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा प्रश्न चालण्याचा. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असलेल्या माणसाच्या पायांच्या रक्तवाहिन्यांतही तो असू शकतो. वडील तंबाखू खात किंवा ओढत असतील अथवा त्यांना मधुमेह असेल, तर ही शक्यता आणखी वाढते. ठरावीक अंतर चालले की पोटरी आवळून येते आणि दोन-चार मिनिटे उभे राहिले की मोकळी होते, असे असेल तर ते दुखणे रक्तपुरवठ्याचे आहे. अशा माणसाला स्टॅटिनची गरज उलट अधिक असते. बसल्या जागी किंवा रात्रीही मांड्या भरलेल्या राहतात, जिना चढताना आणि खाली बसून उठताना जास्त जाणवतात, असे असेल तर स्नायूंचा विचार करावा. डॉक्टरांनी पायाच्या घोट्याजवळची नाडी बोटांनी तपासली, तरी यातला बराच उलगडा होतो.

तिसरा प्रश्न बागेचा. ऑक्टोबरची फळछाटणी, मग पेस्टिंग, फेलफूट काढणे, डिपिंग, विरळणी या सगळ्या कामांत माणूस मांडवाखाली तासन्‌तास हात वर करून उभा असतो किंवा वाकलेला असतो. अँजिओप्लास्टीनंतर वर्षभर हलके काम करून वडील पुन्हा पूर्ण जोमाने बागेत उतरले असतील, तर सराव मोडलेल्या स्नायूंचे दुखणे अगदी असेच असते. शिवाय स्टॅटिन चालू असताना एरवी न केलेले कष्ट केले, की दोन्हींचा भार स्नायूंवर एकत्र पडतो.

तपासण्या थोड्याच लागतात. स्नायूंना झालेली इजा दाखवणारे सीपीके, थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, रक्तातील साखर, जीवनसत्त्व ड आणि लिपिड प्रोफाइल. यांतील टीएसएच कधीही टाळू नये, कारण थायरॉइड मंदावल्यास स्नायूही दुखतात, सीपीकेही वाढते आणि कोलेस्टेरॉलही वाढते, आणि थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर या तीनही गोष्टी मार्गावर येतात. सीपीकेसाठी रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस कष्टाचे काम टाळावे आणि स्नायूत इंजेक्शन घेतलेले नसावे, नाहीतर आकडा नाहक वाढलेला दिसतो. प्रयोगशाळेने दिलेल्या वरच्या मर्यादेच्या चौपटीपेक्षा सीपीके कमी असेल, तर पुढची पावले सावकाश टाकता येतात. चौपटीच्या वर असेल तर गोळी थांबवून आकडा खाली येईपर्यंत पुन्हा तपासावे लागते. दहापटीच्या वर असेल, लघवी गडद चहासारखी होत असेल किंवा दुखण्याऐवजी ताकदच कमी होऊन खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येत नसेल, तर स्टॅटिन त्याच दिवशी थांबवून रुग्णालय गाठावे. गोळी थांबवूनही अशक्तपणा वाढतच राहिला, तर स्टॅटिनमुळे चेतलेला एक दुर्मीळ प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो. त्याची तपासणी आणि उपचार पूर्ण वेगळे आहेत, आणि त्यात पुन्हा कोणतेही स्टॅटिन देऊन पाहायचे नसते.

वरीलपैकी काहीच सापडले नाही, तर दुखणे गोळीचेच आहे का हे पाहण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: गोळी थांबवून पाहणे आणि पुन्हा देऊन पाहणे. अँजिओप्लास्टीला वर्ष झालेले आणि प्रकृती स्थिर असलेल्या माणसात दोन ते चार आठवडे फक्त स्टॅटिन, डॉक्टरांना विचारून, थांबवता येते. हृदयविकाराचा झटका नुकताच आलेला असेल तर मात्र मी सहसा थांबवत नाही, औषध बदलून पाहतो. थांबवण्याच्या आधीच्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी शून्य ते दहा यांपैकी एक आकडा वहीत लिहावा, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. सोबत त्या दिवशी बागेत काय काम केले तेही दोन शब्दांत लिहावे. स्टॅटिनचे दुखणे असेल, तर बहुतेकांमध्ये दोन आठवड्यांत आकडा ठळकपणे खाली येतो.

या वहीचा आग्रह मी धरतो, त्यामागे कारण आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि 2020 व 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅमसन नावाच्या प्रयोगात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या होत्या. चार महिन्यांच्या बाटल्यांत ॲटॉर्व्हास्टॅटिन 20, चार महिन्यांच्या बाटल्यांत तशीच दिसणारी औषधविरहित गोळी, आणि चार बाटल्या रिकाम्या. रोजचा त्रास शंभरपैकी गुणांत नोंदवायचा होता. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी त्रास 8 होता, औषधविरहित गोळीच्या महिन्यांत 15.4 आणि खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3. त्रास खराच होता, सोसणारी माणसेही खरी होती, पण त्यातला जवळजवळ सगळा भाग ‘गोळी घेतली’ या जाणिवेतून येत होता, गोळीतल्या औषधातून नव्हे. स्वतःची ही नोंद दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या जणांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केले. वडिलांना हे सांगताना ‘तुमचे दुखणे मनाचे आहे’ असे मुळीच म्हणू नका. त्यांच्या दुखण्याबद्दल शंका घ्यायची नाही, फक्त ते कशातून येते हे तपासायचे आहे. म्हणूनच गोळी पुन्हा सुरू केल्यावर तोच त्रास त्याच ठिकाणी चार आठवड्यांच्या आत परत येतो का, हे पाहिल्याशिवाय ‘मला स्टॅटिन सोसत नाही’ हा शिक्का कुणाच्याही कागदावर मारू नये. तो शिक्का एकदा बसला, की पुढचा प्रत्येक डॉक्टर तो वाचून स्टॅटिन टाळतो.

समजा, त्रास गोळीचाच निघाला. मग मात्रा कमी करणे हा शेजाऱ्यांचा सल्ला वाटतो त्यापेक्षा शहाणपणाचा आहे, आणि त्याचे कारण स्टॅटिनच्या स्वभावात आहे. स्टॅटिनचा बहुतेक परिणाम पहिल्या लहान मात्रेतच मिळतो. त्यानंतर मात्रा दुप्पट केली की एलडीएल कोलेस्टेरॉल जेमतेम आणखी 6 टक्क्यांनी उतरते. ॲटॉर्व्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम एलडीएल साधारण 37 टक्क्यांनी कमी करते, आणि 40 मिलिग्रॅम साधारण 49 टक्क्यांनी. म्हणजे 40 वरून 10 वर आलो, तर औषध चतुर्थांश होते, पण एलडीएलमधली घट केवळ 12 टक्क्यांनी हुकते. स्नायूंचा त्रास मात्र रक्तातील औषधाच्या प्रमाणाबरोबर वाढतो, म्हणून लहान मात्रेचा फायदा त्या बाजूला चांगला मिळतो. हुकलेले 12 टक्के एझेटिमाइब 10 मिलिग्रॅम भरून काढते. आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाण्यावर हे औषध काम करते, आणि स्टॅटिनच्या जोडीला दिले की उरलेले एलडीएल आणखी सुमारे 20 टक्क्यांनी उतरवते. कोरियात झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेसिंग या प्रयोगात, रोझुव्हास्टॅटिन 10 अधिक एझेटिमाइब 10 घेणाऱ्या हृदयरुग्णांचे तीन वर्षांतले निकाल, रोझुव्हास्टॅटिन 20 एकटे घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत, आणि त्रासामुळे औषध सोडण्याचे किंवा कमी करण्याचे प्रमाण जोडीच्या गटात कमी राहिले. म्हणून ‘अर्धी करा’ या सल्ल्याला मी नुसते ‘अर्धी करा’ असे ठेवत नाही, ‘कमी करा आणि एझेटिमाइब जोडा’ असे म्हणतो. एझेटिमाइब न जोडता नुसती मात्रा कमी केली, तर हृदयाचे संरक्षण तेवढे घटते आणि ते कुणाला जाणवतही नाही.

दिवसाआड गोळीचा पाया वेगळा आहे. तो औषध शरीरात किती वेळ टिकते यावर उभा आहे. रोझुव्हास्टॅटिन रक्तातून निम्मे व्हायला सुमारे 19 तास लागतात. ॲटॉर्व्हास्टॅटिन स्वतः सुमारे 14 तासांत निम्मे होते, पण यकृतात तयार होणारे त्याचे सक्रिय अंश 20 ते 30 तास काम करत राहतात. म्हणून ही दोन औषधे दिवसाआड दिली तरी यकृतावरची पकड पूर्ण सुटत नाही. सिम्व्हास्टॅटिन मात्र दोन-तीन तासांतच निम्मे होते, त्यामुळे ते दिवसाआड देण्यात अर्थ नाही. तुमच्या नातेवाइकांना कोणते स्टॅटिन दिले आहे हे विचारल्याशिवाय त्यांचे पाहून काही करू नका.

माझ्या अनुभवात दिवसाआड गोळी सर्वांत उपयोगी पडते ती पायरी म्हणून. ज्यांना लहान मात्राही रोज सोसत नाही, त्यांना रोझुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस सुरू करायचे, चार-सहा आठवडे शांतपणे गेले की एक दिवस वाढवायचा, आणि जिथे त्रास परत येतो त्याच्या एक पायरी खाली थांबायचे. स्टॅटिन न सोसणाऱ्या रुग्णांवरील एका छोट्या अभ्यासात दिवसाआड रोझुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना ते सोसले, आणि सोसलेल्यांचे एलडीएल सुमारे एक तृतीयांशाने उतरले. मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. दिवसाआड गोळीने हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी होतात, हे दाखवणारा मोठा प्रयोग झालेला नाही. एलडीएल दर 39 मिलिग्रॅमने कमी झाल्यास मोठ्या हृदयविकाराच्या घटना सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतात, हे रोजच्या स्टॅटिनवरील अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून आलेले सूत्र आपण इथे लावतो. ते तर्कशुद्ध आहे, पण त्यामुळेच दिवसाआड घेणाऱ्या माणसाचा रक्तातील आकडा हाच एकमेव पुरावा असतो, आणि तो तपासायला टाळाटाळ चालत नाही.

दिवसाआड म्हणजे वार ठरवून. ‘एक दिवस सोडून’ असे सांगितले, की तिसऱ्या आठवड्यात काल घेतली होती की परवा हे घरात कुणालाच आठवत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार कागदावर मोठ्या अक्षरात लिहावेत आणि त्या वारांची गोळी वेगळ्या डबीत ठेवावी, म्हणजे रोजच्या ॲस्पिरिनच्या डबीशी तिची गल्लत होणार नाही. वडिलांचा एखादा उपवासाचा वार असेल, तर त्या दिवशी गोळी सोडण्याची गरज नाही, ही दोन्ही स्टॅटिन उपाशीपोटीही चालतात.

मिरजेजवळच्या एका गावातील, साठी ओलांडलेल्या, जेमतेम 48 किलो वजनाच्या बाईंचे उदाहरण सांगतो. स्टेंटनंतर सहाव्या आठवड्यापासून दोन्ही मांड्या दुखू लागल्या आणि जमिनीवरून उठताना चुलीजवळच्या भिंतीला हात लावावा लागू लागला. ताकद तपासली तेव्हा ती पूर्ण होती, दुखण्यामुळे त्या जपून उठत होत्या. स्टॅटिनपूर्वीचे एलडीएल 148 होते, ॲटॉर्व्हास्टॅटिन 40 वर ते 75 झाले होते. सीपीके 310, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुप्पटही नाही. टीएसएच नीट होते. बारीक अंगकाठी आणि वय यांमुळे त्यांच्यात स्टॅटिनचा त्रास होण्याचा संभव तसाही जास्त होता. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी को-क्यू-टेन महिनाभर घेतले होते, फरक पडला नव्हता. त्यांची कॅप्सूल तीन औषधांची होती. ती सुटी करून फक्त स्टॅटिन थांबवले. वहीतला आकडा 6 वरून दहाव्या दिवशी 1 वर आला. तीन आठवड्यांनी ॲटॉर्व्हास्टॅटिन 10 देऊन पाहिले, तर अठराव्या दिवसाच्या सुमारास आकडा पुन्हा 4 आणि दुखणे पुन्हा त्याच जागी. इथे गोळीचा दोष सिद्ध झाला.

मग त्यांना रोझुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅम सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि एझेटिमाइब 10 मिलिग्रॅम रोज असे दिले. आठ आठवड्यांनी एलडीएल 87 आणि वहीतला आकडा 1 किंवा 2. दोन वार वाढवले, नंतर रोज 5 मिलिग्रॅम केले, आणि एलडीएल 73 वर आले. म्हणजे ॲटॉर्व्हास्टॅटिन 40 वर जेवढे होते तेवढेच, पण आता दुखण्याशिवाय. रोझुव्हास्टॅटिन 10 करून पाहिले तर पोटऱ्या पुन्हा भरून येऊ लागल्या, म्हणून 5 वर परत आलो. तरीही 73 पुरेसे नव्हते. स्टेंट बसवलेल्या रुग्णात युरोपीय मार्गदर्शनानुसार एलडीएल 55 च्या खाली हवे, आणि भारतीय लिपिड संघटनेनुसार अतिजोखमीच्या रुग्णात 50 च्या खाली. बेम्पेडोइक ॲसिड 180 मिलिग्रॅम जोडल्यावर एलडीएल 60 पर्यंत गेले. हे औषध यकृतात गेल्यावरच सक्रिय होते, स्नायूंत ते सक्रिय करणारे विकरच नसते, म्हणून स्टॅटिनसारखे स्नायूंचे दुखणे त्यात सहसा होत नाही. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे 14 हजार जणांवरील 2023 च्या क्लिअर आउटकम्स प्रयोगात त्याने हृदयविकाराच्या मोठ्या घटना 13 टक्क्यांनी कमी केल्या. मात्र त्याने युरिक ॲसिड वाढते, म्हणून वडिलांना कधी पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाईंच्या बाबतीत 60 वर थांबायचे की त्यापुढची महागडी इंजेक्शने घ्यायची, हे कुटुंबाशी बोलून ठरवले, आणि त्यांनी सध्या थांबणे पसंत केले.

आता को-क्यू-टेन, म्हणजेच युबिक्विनोन. त्यामागची कल्पना चुकीची नाही, आणि म्हणूनच ती पटकन पटते. ज्या रासायनिक मार्गाने यकृत कोलेस्टेरॉल तयार करते, त्याच मार्गाच्या एका फाट्यावर शरीर युबिक्विनोन तयार करते. पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या केंद्रांना ते लागते. स्टॅटिन हा मार्ग वरच्या टप्प्यावर आवळते, त्यामुळे दोन्ही कमी होतात, आणि रक्तातील युबिक्विनोन घटलेले दिसते. पण रक्तात ते मुख्यतः एलडीएलच्याच कणांवर बसून फिरते, म्हणून एलडीएल उतरले की तेही उतरणारच. स्नायूंचा तुकडा काढून मोजले, तेव्हा ते सगळ्यांत घटलेले सापडले असे नाही.

प्रयोगांत काय दिसले, तेही एकसारखे नाही. 2018 मध्ये 12 प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात दुखणे कमी झाल्याचे दिसले, तर 2015 आणि 2020 च्या विश्लेषणांत फरक दिसला नाही. या गर्दीत मला सर्वांत नेटका वाटतो तो 2015 चा अमेरिकेतील प्रयोग. त्यात आधी 120 जणांना सिम्व्हास्टॅटिन 20 आणि औषधविरहित गोळी आळीपाळीने देऊन, दुखणे खरोखर स्टॅटिनचेच आहे याची खातरजमा केली. तशी ती एक तृतीयांशापेक्षा थोड्याच अधिक जणांत झाली. मग फक्त त्यांना युबिक्विनॉल हे को-क्यू-टेनचेच रूप रोज 600 मिलिग्रॅम दिले, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूलच्या कितीतरी पट, आणि तरीही दुखणे कमी झाले नाही. इतर अनेक प्रयोगांत ही चाळणी नव्हती, त्यामुळे ज्यांचे दुखणे मुळात स्टॅटिनचे नव्हते तेही त्यांत मिसळले. अमेरिकन हृदयविकार संघटनांच्या 2018 च्या मार्गदर्शनात स्टॅटिनच्या दुखण्यासाठी को-क्यू-टेन नेहमीच्या वापरात देऊ नये असेच म्हटले आहे.

तरीही वडिलांची खूप इच्छा असेल, तर मी अडवत नाही, पण पद्धत सांगतो. 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल दोन वेळा, तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर, कारण ती स्निग्धांशातच शोषली जाते. आठ आठवडे, आणि त्या काळात स्टॅटिनसह बाकी काहीही बदलायचे नाही. वहीत फरक दिसला तर आठ आठवड्यांनी ती थांबवून आकडा पुन्हा चढतो का हे पाहायचे. फरक नसेल तर बंद करायची, कारण ही कॅप्सूल बहुधा स्टॅटिनच्या गोळीपेक्षा महाग पडते, आणि त्याच पैशांत एझेटिमाइब येऊ शकते, ज्याचा परिणाम रक्ततपासणीत दिसतो. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती अजिबात सुरू करू नये. युबिक्विनोनची रचना जीवनसत्त्व के सारखी आहे, आणि त्याने वॉर्फरिनचा परिणाम कमी होऊन, तो मोजणारा आयएनआर हा आकडा उतरल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्या वडिलांसाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात स्ट्रिपवरचे घटक, दोन-तीन महिन्यांत घेतलेली सगळी औषधे (नायट्याची, खोकल्याची, जडीबुटीची पुडीसुद्धा) आणि चालताना दुखते की बसल्यावर, हे लिहून डॉक्टरांकडे जा. नाड्या आणि रक्त तपासून झाल्यावर वही सुरू करा. थांबवून पाहण्याचे आणि पुन्हा सुरू करून पाहण्याचे आठवडे छाटणी किंवा विरळणीच्या धांदलीत धरू नका, कारण त्या दिवसांत सीपीकेही कामाने चढते आणि वहीतला आकडा गोळीचा की मांडवाखालच्या कष्टांचा हे सांगता येत नाही. आणि पुढे मात्रा, वार किंवा औषध यांत जो काही बदल होईल, त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करून घ्या. त्यातला एलडीएलचा आकडा 55 च्या वर असेल, तर दुखणे थांबले आहे एवढ्यावर समाधान न मानता पुढची पायरी विचारा.